एसटीपी आणि एसआयपी: हप्ता सारखा, पैशाची वाट वेगळी

दर महिन्याला इक्विटी फंडात ५०,००० रुपये जातात, मग ती एसआयपी असो की एसटीपी, फरक काय, असं अनेकांना वाटतं. फरक हप्ता कुठून येतो यात आहे. एसआयपीचा हप्ता बँक खात्यातून कापला जातो. ती पगारातून उरणाऱ्या, म्हणजे अजून हातात न आलेल्या पैशासाठी आहे. एसटीपी, म्हणजे सिस्टिमॅटिक ट्रान्सफर प्लॅन, एकदम हाती आलेल्या रकमेसाठी आहे. रक्कम आधी लिक्विड फंडात, म्हणजे अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या कमी जोखमीच्या फंडात, ठेवायची आणि तिथून त्याच फंड हाऊसच्या इक्विटी फंडात थोडी थोडी वळवायची. म्हणून आधी इक्विटी फंड ठरवावा, मग त्याच घराचा लिक्विड फंड.

समजा, प्लॉट विकून ६ लाख आले आणि १२ महिन्यांची एसटीपी लावली. पहिला हप्ता महिन्याभराने गेला, तर वर्षभरात लिक्विड फंडात सरासरी सव्वातीन लाख राहतात. ६ टक्के परतावा धरला, तर साधारण १९,५०० रुपये होतात. तेच पैसे बचत खात्यात ठेवून एसआयपी केली, तर अडीच टक्क्यांनी ८,१०० च्या आसपास. १२ हप्ते संपल्यावर लिक्विड फंडात उरते ती ही कमाईच, ती वेगळी वळवावी लागते.

आता करांचं. एसटीपीचा प्रत्येक हप्ता म्हणजे लिक्विड फंडातली विक्री आणि इक्विटी फंडातली खरेदी. त्यामुळे कर लागतोच, पण ५०,००० वर नाही, त्यातल्या नफ्यावर. पहिल्या हप्त्यात नफा जेमतेम २५० रुपये, बाराव्यात २,८०० च्या आसपास. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या लिक्विड फंडाचा नफा तुमच्या स्लॅबनुसार करपात्र असतो. निवासी गुंतवणूकदाराचा टीडीएस कापला जात नाही, म्हणून हे विवरणपत्रात स्वतः दाखवायला विसरू नका. बारा छोट्या विक्रींची नोंद सुटणं ही इथली नेहमीची चूक आहे. एसआयपीत हप्ता भरताना विक्री नसतेच.

पुढे दोन्ही सारख्याच. इक्विटी फंडात प्रत्येक हप्त्याची तारीख स्वतंत्र मोजली जाते. अनेक फंडांत वर्षाच्या आत युनिट विकले, तर १ टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचं शुल्क, लागतो. म्हणजे पहिल्या हप्त्याला वर्ष झालं, तरी शेवटचा तेव्हा जेमतेम महिन्याभराचा असतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एसटीपीने परतावा वाढेलच असं नाही. बाजार वर्षभर चढत राहिला, तर एकरकमी गुंतवणूकच जास्त देऊन गेली असती. घसरला, तर एसटीपी वाचवते. पण बारावा हप्ता गेला, की सगळे ६ लाख शेअर बाजारात असतात आणि तेराव्या महिन्यात बाजार पडला, तर हे संरक्षण संपलेलं असतं. दोन-तीन वर्षांत हे पैसे लागणार असतील, तर एसटीपी लावूच नये, ते लिक्विड फंडात किंवा मुदत ठेवीतच ठेवावेत.