सोसायटीचा ‘फॉर्म बी’: जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन दलाकडे काय द्यायचं, कसं द्यायचं

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला फाइलला लागला, म्हणजे हा विषय संपला असं बऱ्याच कमिट्यांना वाटतं. तो दाखला इमारत उभी राहिली त्या दिवसापुरता असतो. पुढची जबाबदारी ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या कायद्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, महापालिकेच्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायचं असतं. हे प्रमाणपत्र विहित नमुना ‘ब’ मध्ये असतं. बोलताना सगळे त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात.

‘फॉर्म ए’शी त्याची गल्लत करू नका. यंत्रणा पहिल्यांदा बसवली, किंवा नोटिशीनंतर नव्याने बसवली, की पूर्ततेचा दाखला नमुना ‘अ’ मध्ये जातो. ‘बी’ हा फक्त देखभालीचा दाखला आहे.

कोणाला लागू, सही कोणाची

ज्या इमारतीला मंजुरी देताना आगीची यंत्रणा बंधनकारक केली होती, तिला हे लागू होतं, मग ती निवासी असो, व्यापारी असो, हॉस्पिटल असो की मॉल. तुमच्या इमारतीत नेमकं काय असायला हवं, हे बांधकामाच्या वेळच्या अग्निशमन ना-हरकत दाखल्यात आणि मंजूर नकाशात लिहिलेलं असतं. दोन्ही कागद आधी शोधा. सापडले नाहीत तर विकासकाकडून किंवा महापालिकेकडून प्रती मिळवा, कारण कशाशी तुलना करायची हेच माहीत नसेल तर पुढची सगळी तपासणी अंदाजाने होते.

सोसायटी नोंदलेली असेल तर जबाबदारी सोसायटीची, म्हणजे व्यवहारात अध्यक्ष-सचिवांची. सोसायटी अजून झालीच नसेल आणि देखभाल विकासकच पाहत असेल, तर जबाबदारीही त्याचीच. फॉर्म मात्र सोसायटी स्वतः भरून देऊ शकत नाही. तो महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडून परवाना मिळालेल्या एजन्सीनेच द्यावा लागतो. एक्स्टिंग्विशर विकणारा प्रत्येक दुकानदार परवानाधारक नसतो. एजन्सीच्या परवान्याची प्रत मागा, त्यावरची मुदत बघा आणि नाव संचालनालयाच्या यादीत आहे का ते पडताळा. परवान्यावर कामाचे प्रकारही असतात. पंप आणि हायड्रंटचं काम ज्याला मंजूर आहे, त्याला फायर अलार्मचं असेलच असं नाही.

आधी तपासणी, मग सही

खरं काम इथेच आहे, आणि पळवाटही इथेच काढली जाते. प्रत्यक्षात यंत्रणा चालू नसताना असं प्रमाणपत्र देणं कायद्याच्या कलम १० ने एजन्सीला मनाई केलेलं आहे. तरीही फोनवर दर ठरतो, माणूस गेटवरूनच परत जातो आणि दोन दिवसांत सही-शिक्क्याचा कागद ईमेलवर येतो, असं सर्रास घडतं. कमिटीलाही ते सोयीचं वाटतं. म्हणून तपासणीला कमिटीतला एक माणूस एजन्सीसोबत शेवटपर्यंत थांबलाच पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमची इमारत १४ मजल्यांची आहे आणि गच्चीची उंची साधारण ४२ मीटर आहे. तळाशी पंपरूम आहे, तिथून जिन्याशेजारच्या डक्टमधून उभी पाइपलाइन वर जाते (तिला वेट रायझर म्हणतात) आणि प्रत्येक मजल्यावर तिला एक हायड्रंट व्हॉल्व्ह आहे. पंप तळाशी असेल तर सर्वांत वरच्या हायड्रंटवर किमान ३.५ किलो प्रेशर मिळायला हवं, असा मानक आहे. (प्लंबर ‘किलो’ म्हणतो ते प्रति चौरस सेंटिमीटर किलो.) पाणी १० मीटर वर चढवायला सुमारे १ किलो प्रेशर खर्च होतं. म्हणजे ४२ मीटरला ४.२ किलो गेलं, वर ३.५ उरायला हवं, झाले ७.७. पाइपातलं घर्षण धरलं तर पंपाने तळाशी ८ च्या पुढेच दिलं पाहिजे.

आता पंपरूममधला काटा ५ वर उभा असेल आणि एजन्सीचा माणूस ‘प्रेशर आहे साहेब’ म्हणत असेल, तर १४ व्या मजल्यावर जेमतेम पाऊण किलो पोचतंय. त्या धारेने खिडकीतली कुंडी भिजेल, आग विझणार नाही.

पण फक्त काट्यावरही विसंबू नका. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना काटा छान दिसतो. पाणी वाहायला लागलं की खरी स्थिती कळते. म्हणून चाचणी गच्चीवर करा. शेवटच्या हायड्रंटला होज आणि नोझल जोडा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि पाणी वाहत असताना तिथलं प्रेशर मोजायला लावा. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने पंपरूममध्ये उभं राहावं. आधी छोटा जॉकी पंप सुरू झाला पाहिजे. त्याने प्रेशर सावरलं नाही की मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे, कोणी बटण न दाबता. मुख्य पंपाची वीज तोडून ठेवली तर डिझेल पंप किंवा जो काही पर्यायी पंप असेल तो उचलला पाहिजे. आणि मुख्य पंप सुरू झाल्यावर आपोआप बंद पडता कामा नये. तो हातानेच बंद करायचा असतो.

बहुतेक इमारतींत गाडी अडते ती ‘आपोआप’ या शब्दावर. लाइनमध्ये कुठेतरी बारीक गळती असते, प्रेशर सतत उतरतं, जॉकी दर काही मिनिटांनी चालू-बंद होतो. आवाजाची तक्रार येते, वीजबिल वाढतं. मग वॉचमन किंवा एखादा उत्साही सदस्य पॅनेलचा स्विच ‘मॅन्युअल’वर टाकतो किंवा बंदच करतो. गळती तशीच राहते, तक्रार थांबते आणि आगीच्या रात्री व्हॉल्व्ह उघडला तरी पंप सुरू होत नाही. पंपरूममध्ये गेल्यावर सर्वांत आधी हा स्विच कुठे आहे ते पाहा. ‘ऑटो’वर नसेल तर कारण विचारा, आणि गळती शोधून काढल्याशिवाय सही घेऊ नका. डिझेल पंप असेल तर त्याची बॅटरी उतरलेली असणं हा दुसरा नेहमीचा घोटाळा.

बाकीचं पाहायला इंजिनिअर लागत नाही. डक्टमधल्या पेटीत होज आणि नोझल जागेवर आहेत का? पितळी कपलिंग आणि नोझल भंगारात चांगली जातात, म्हणून ती गायब होतात. रबरी होज रीलमधून पाणी येतं का? रहिवाशाला स्वतः वापरता येईल असं ते साधन आहे. गेटजवळचा इनलेट, म्हणजे जिथे अग्निशमन दलाच्या गाडीचा होज जोडून बाहेरून इमारतीच्या पाइपात पाणी सोडतात, तो स्कूटरमागे लपलेला नाही ना? टाकीत आगीसाठी राखीव ठेवलेलं पाणी घरगुती वापरात खेचलं जात नाही ना? रेफ्यूज एरियाला, म्हणजे आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबायच्या मोकळ्या जागेला, कुलूप किंवा तिथे जुनं फर्निचर नाही ना? आणि वायरींचा डक्ट प्रत्येक मजल्यावर सील केलेला आहे का? तो उघडा असला तर खालचा धूर चिमणीसारखा वरच्या प्रत्येक मजल्यावर चढतो. मीटररूममधली छोटी आगही मग जीवघेणी ठरते.

कागद आणि दाखल करणं

दोष निघाले तर आधी दुरुस्ती, मग फॉर्म. म्हणूनच तपासणी १ जानेवारीला किंवा १ जुलैला सुरू करून भागत नाही. डिसेंबर आणि जून हेच कामाचे महिने आहेत. पंपाचं मोटर वाइंडिंग किंवा रायझर बदलण्यासारखं मोठं काम निघालं तर सर्वसाधारण सभेची मंजुरी आणि दरपत्रकं यातच काही आठवडे जातात.

फॉर्म बीसोबत साधारणपणे जोडायचे ते कागद असे:

- एजन्सीच्या चालू परवान्याची प्रत
- अग्निशमन ना-हरकत दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या प्रती
- बसवलेल्या यंत्रणेची यादी आणि चाचणीचा अहवाल, शक्यतो फोटोंसह
- एजन्सीशी केलेला वार्षिक देखभाल करार, असेल तर
- मागच्या फॉर्म बीची पोच

महापालिकेनुसार यात थोडा फरक पडतो. काही ठिकाणी ऑनलाइन भरून घेतात, काही ठिकाणी तुमच्या हद्दीतल्या अग्निशमन केंद्रावर कागद द्यावे लागतात. कुठेही दिलं तरी तारखेसह पोच घ्या आणि ती सोसायटीच्या दप्तरात ठेवा. कमिटी बदलते, सचिव घर विकून जातो, पण विमा कंपनी किंवा अधिकारी विचारतो तेव्हा कागद सोसायटीकडेच मागितला जातो.

तपासणीला अधिकारी आला तर

इमारती हजारो आणि तपासणीला माणसं मोजकी, अशी बहुतेक महापालिकांची स्थिती आहे. तेच जवान आगीच्या कॉलवर जातात, झाडं पडली की तिकडेही जातात. सहा महिन्यांनी प्रत्येक इमारत स्वतः तपासणं दलाला झेपणारं नाही, म्हणूनच ही प्रमाणपत्राची पद्धत आहे. २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलमध्ये लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्यानंतर मुंबईत तपासण्या वाढल्या, तरी भार मालकावरच राहिला.

कायद्याच्या कलम ५ नुसार अधिकारी तीन तासांची सूचना देऊन सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात तपासणीला येऊ शकतो. करमणुकीचा कार्यक्रम चालू असलेल्या जागेत किंवा चालू कारखान्यात तो कधीही येऊ शकतो. त्रुटी आढळल्या तर कलम ६ खाली नोटीस येते, तिच्यात काय करायचं आणि किती मुदतीत हे लिहिलेलं असतं. या नोटिशीला लेखी उत्तर द्या. कोणतं काम झालं, कोणतं चालू आहे, कोणत्या ठेकेदाराला दिलं आणि कधी संपेल हे त्यात सांगा, कामाचा आदेश सोबत जोडा. नोटीस ड्रॉवरमध्ये ठेवून दिलेल्या सोसायटीची वीज किंवा पाणी तोडण्याचा, आणि धोका मोठा असेल तर जागा रिकामी करून सील करण्याचा अधिकार कलम ८ खाली आहे. कायद्यात मुळात ठेवलेली शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि २० हजार ते ५० हजार रुपये दंड अशी आहे, आणि ती पदाधिकाऱ्यांपर्यंत पोचू शकते.

आणखी एक. फॉर्म बी वेळेत दिलेला असूनही तपासणीत पंप बंद निघाला, तर तो कागद ढाल ठरत नाही. उलट प्रश्न एजन्सीला आणि सोसायटीला दोघांनाही विचारला जातो. अशा वेळी गच्चीवरच्या चाचणीच्या दिवसाची नोंद, म्हणजे कोण हजर होतं, कोणत्या हायड्रंटवर किती प्रेशर मिळालं, कोणता पंप किती प्रेशरला सुरू झाला, हे लिहिलेली आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली एक पानाची वहीतली नोंद सर्वांत उपयोगी पडते.