एसीच्या रिमोटवरील ड्राय, फॅन आणि स्लीप मोड

एसीच्या बिलाचा मोठा वाटा कॉम्प्रेसरचा असतो. दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण १५०० वॅट ओढतो. नुसता आतला पंखा चालला तर ५० वॅटच्या आसपास. त्यामुळे कोणत्या मोडमध्ये कॉम्प्रेसर किती वेळ चालतो, एवढेच पाहायचे.

फॅन मोडमध्ये तो चालतच नाही. वीज अगदी कमी लागते, पण खोली थंड होत नाही आणि स्प्लिट एसी बाहेरची हवाही आत घेत नाही. हे काम छताचा पंखा जास्त चांगले करतो. पावसाळ्यात कूलनंतर लगेच फॅन लावला, तर कॉइलवरचे पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येते आणि चिकचिक वाढते.

ड्राय मोडविषयी गैरसमज सर्वांत जास्त: तो लावला की उन्हाळ्यातही कमी विजेत तेवढाच गारवा मिळतो, असे अनेकांना वाटते. यात पंखा मंद ठेवून कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालवतात, म्हणजे हवेतला ओलावा कॉइलवर जमून ड्रेन पाइपने बाहेर जातो. बऱ्याच मॉडेलमध्ये तेव्हा पंख्याचा वेग बदलता येत नाही. सोलापुरात मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा आधीच कोरडी. त्या वेळी ड्राय लावला की ड्रेन पाइपमधून जेमतेम थेंब पडतात, खोली नीट थंड होत नाही, घसा मात्र सुकतो. वीज कमी जाते खरी, पण ती कमी काम झाल्यामुळे. अशा दुपारी खिडकी उघडी ठेवून लावलेला कूलर बरा. ड्रायची खरी वेळ जुलै ते सप्टेंबर, उकाडा कमी पण दमटपणा जास्त असतो तेव्हा.

उन्हाळ्याच्या रात्री खरी बचत देतो तो स्लीप. अनेक मॉडेलमध्ये तो दर तासाला १ अंश असे दोन तासांत तापमान २ अंशांनी वाढवतो आणि तिथेच थांबतो. एका अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते असे धरतात. समजा, २४ अंशांवर आठ तासांत ७ युनिट लागतात. पहिल्या तासात बचत नाही, दुसऱ्यात ६ टक्के, उरलेल्या सहा तासांत १२ टक्के. सरासरी १० टक्के, म्हणजे रात्रीला ०.७ युनिट. सोबत ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावला तर तो पाव युनिट घेतो, पण त्याच्या वाऱ्यात २६ अंशांवरही सुखाने झोप लागते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. म्हणून वरच्या मजल्यावर आधी कूलवर खोली थंड करावी आणि झोपताना स्लीप दाबावा.

खात्री मीटरवर करता येते. घरातले बाकी सगळे बंद करून मीटरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. मीटरवर 3200 imp/kWh, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुक, असे लिहिले असेल, तर कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे ८० वेळा आणि नुसत्या पंख्यावर दोन-तीनदा. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर सहसा बंद न होता मंदावतो, त्यामुळे तिथे ही लुकलुक थांबत नाही, हळू होत जाते.