टॉर्च, दोन चेंडू आणि आर्यभटाचा दिवा

चंद्रग्रहण जवळ आलं की शाळांमध्ये, विज्ञान मंडळांमध्ये तोच छोटा प्रयोग होतो. खोलीत अंधार, एका मुलाच्या हातात टॉर्च, दुसऱ्याकडे मोठा चेंडू, तिसऱ्याकडे छोटा. निवेदक म्हणतो, "हा टॉर्च म्हणजे सूर्य. हा मोठा चेंडू आपली पृथ्वी. आता बघा, चंद्र तिच्या मागे चाललाय... सावलीत शिरला!" तीन-चार मिनिटांत खेळ संपतो. त्यामागचा विचार मात्र दीड हजार वर्षांहून जुना आहे आणि तोही एका दिव्यापासूनच सुरू होतो.

आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीय' रचलं. त्यातल्या गणितपादात एक साधं उदाहरण आहे: उंचावर दिवा, त्याच्यापासून काही अंतरावर त्याहून ठेंगणा शंकू, म्हणजे उभी रोवलेली काठी. काठीची सावली किती लांब पडेल? दिवा आणि काठी यांच्यातल्या अंतराला काठीच्या उंचीने गुणायचं आणि दोघांच्या उंचीतल्या फरकाने भागायचं. पुढे गोलपादात पृथ्वीच्या सावलीची लांबी काढताना हीच रीत येते. दिव्याच्या उंचीच्या जागी सूर्याचा व्यास, काठीच्या जागी पृथ्वीचा. बाकी काही बदलत नाही. राहूची गरजच उरत नाही. 'छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया': सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली.

आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १०५० योजनं आणि चंद्राचा ३१५ योजनं धरला. त्याचेच आकडे घेऊन हिशेब केला, तर चंद्राच्या अंतरावर सावलीची रुंदी साधारण ८०० योजनं येते, म्हणजे चंद्राच्या अडीचपट. आजचं उत्तरही याच्या आसपासच आहे. वराहमिहिरानेही सावलीचीच बाजू घेतली. ब्रह्मगुप्ताने मात्र, गणित उत्तम येत असूनही, राहू नाकारणाऱ्यांना फटकारलं. गणित पटलं तरी लोकांच्या तोंडी 'दे दान सुटे गिराण' राहिलंच.

आता पुन्हा टॉर्चकडे. आर्यभटाच्या उदाहरणात दिवा काठीपेक्षा उंच आहे, म्हणून सावली कुठेतरी संपते. सूर्यही पृथ्वीपेक्षा मोठा, त्यामुळे पृथ्वीची सावली निमुळती होत जाते. टॉर्चचं नेमकं उलट आहे. त्याचा दिवा चेंडूपेक्षा लहान, म्हणून सावली मागे जाईल तशी पसरते. मुलांनी भिंतीवर एवढी मोठी सावली पाहिली की 'पृथ्वीची सावली तिच्याहून मोठी' हे डोक्यात पक्कं बसतं. निवेदनात यासाठी एक वाक्य हवंच, आणि प्रयोगाच्या बहुतेक लिखित निवेदनांमध्ये नेमकं तेच नसतं.

त्याहून मोठी फसगत अंतराची. समजा पृथ्वी म्हणजे टेनिसचा चेंडू, व्यास ६.७ सेंटिमीटर. मग चंद्र पावणेदोन-दोन सेंटिमीटरची गोटी हवी आणि ती ठेवायची दोन मीटरवर, कारण चंद्र पृथ्वीच्या सुमारे ३० व्यासांइतका दूर आहे. प्रयोगात मात्र गोटी वीतभर अंतरावरच फिरते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण पाच अंशांनी कललेली आहे. वीस सेंटिमीटरवर पाच अंश म्हणजे पावणेदोन सेंटिमीटरचा फरक. चेंडूच्या केंद्रापासून त्याची कड सव्वातीन सेंटिमीटरवर, म्हणजे गोटी तेवढी वर-खाली केली तरी सावलीतच सापडते. मग एखादी मुलगी हमखास विचारते, "काका, मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?" प्रयोगाप्रमाणे ते व्हायलाच हवं!

टॉर्च चेंडूपासून दोन मीटर अलीकडे आणि गोटी दोन मीटर पलीकडे न्या. आता पाच अंश म्हणजे जवळजवळ १८ सेंटिमीटर. पसरलेली सावलीसुद्धा मध्यापासून सहा-सात सेंटिमीटरच जाते. गोटी तिच्या वरून किंवा खालून उजळलेली निघून जाते. बहुतेक पौर्णिमांना होतं ते हेच. गोटी हळूहळू चेंडूच्या पातळीत आणली की ती विझते, आणि दर पौर्णिमेला ग्रहण का नाही याचं उत्तर मुलीला समोर दिसतं. यासाठी वर्ग पुरला नाही तर व्हरांडा घ्यावा, पण रात्री.

एक गोष्ट मात्र टॉर्च दाखवूच शकत नाही. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री अकराच्या सुमारास खग्रास सुरू झालं, तेव्हा चंद्र नाहीसा झाला नाही, तांबूस झाला. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून आलेला प्रकाश सावलीत पोचतो. त्यातला निळा वाटेतच विखुरतो, लाल उरतो. चेंडूला हवेचं आवरण नाही, म्हणून गोटी काळी पडते. निवेदकाने इथे टॉर्च बंद करून हे तोंडीच सांगावं. लाल जिलेटिन लावून रंग आणण्याची युक्ती काही जण करतात. त्याने मुलांना सूर्यच लाल झाला असं वाटतं.