अमिगुरुमीचे डोळे पक्के कसे बसवाल?

आमच्या संचातल्या पुडीवर ‘सेफ्टी आय’ लिहिलेलं असतं, पण त्या नावावर फार विसंबू नका. दांडीच्या खाचांवर वॉशर एकदा बसला की तो सहसा सुटत नाही. बिघडतं ते विणकामात. वीण सैल असली की ओढल्यावर टाक्यांमधली फट रुंदावते आणि वॉशरसकट अख्खा डोळा बाहेर येतो. म्हणून तीन वर्षांखालच्या मुलासाठी खेळणं असेल, तर प्लॅस्टिकचे डोळे नकोतच, भरतकाम करा. गोंद लावून हा प्रश्न सुटत नाही.

मोठ्या मुलासाठी 8 मिमीचे डोळे बसवायचे असतील, तर डोकं अर्धवट उघडं असतानाच बसवा. मुका खांब इतका घट्ट हवा की डोकं हातानं ताणलं तरी आतला कापूस दिसू नये. दिसला तर लहान सुई घेऊन पुन्हा विणा. दोन्ही डोळे आधी वॉशरशिवाय खोचून चेहरा नीट पाहून घ्या, कारण वॉशर बसल्यावर जागा बदलायची तर दांडी कापावी लागते. आतून दोन-अडीच सेंमीचा फेल्टचा गोल घ्या, मधोमध दांडी जेमतेम जाईल एवढंच छिद्र पाडा, तो दांडीवर चढवा आणि मग वॉशर दाबा. ओढ फेल्टवर पसरते, ती एका फटीवर येत नाही. अंगठा दुखत असेल तर रिकाम्या रिळाचं भोक दांडीवर ठेवून दाबा.

आता डोळ्याच्या कडेखाली नख घालून जोरात ओढा. युरोपच्या खेळण्यांच्या मानकात 6 मिमीहून मोठा भाग 90 न्यूटननं, म्हणजे सुमारे 9 किलो वजनाइतक्या जोरानं, 10 सेकंद ओढतात. घरी इतकं मोजता येत नाही, पण ओढताना वॉशरची कड टाक्यांतून डोकावली तर तो डोळा नापास.

भरतकामही कापूस भरण्याआधीच करा, म्हणजे धाग्याची टोकं आतून दिसतात. सुई टाक्यांमधल्या फटीतून काढली तर धागा आत बुडतो आणि डोळा वाकडा दिसतो. त्यापेक्षा लोकरीच्या धाग्यातूनच टोचत जा. गोल डोळ्यासाठी एकाला एक लागून सरळ टाके भरा. नुसत्या गाठीवर थांबू नका. गाठ ओढली की फटीतून निसटते. दहा-पंधरा सेंमी शेपूट ठेवा, ते आतल्या टाक्यांतून एका दिशेला ओवा, मग उलट, मग आडवं, आणि त्यानंतरच कापा.

तोंडाच्या रेषेचा टाका एका सेंमीपेक्षा लांब ठेवू नका. लांब टाका हसरा दिसतो खरा, पण बाळाचं बोट त्यात अडकतं. लांब रेषाच हवी असेल तर ती दोन-तीन ठिकाणी आडव्या बारीक टाक्यानं दाबून टाका.

खेळणं धुतल्यावर प्रत्येक वेळी डोळे पुन्हा ओढून पाहा. एखादा हलायला लागला असेल, तर तो कापून काढा आणि त्या जागी भरतकाम करा.