खिडकी, नऊ वॉटचा दिवा आणि नाकाची सावली

कॅमेऱ्यासमोर बसल्यावर चेहऱ्यावर नाकाची सावली कशी पडेल याचं गणित कागदावर करता येतं. नाकाचा शेंडा गालापेक्षा साधारण दोन सेंटिमीटर पुढे असतो. त्याची सावली गालावर पडली की तिची कड किती विरघळलेली दिसेल? उजेड देणाऱ्या वस्तूची रुंदी घ्या, तिच्या चेहऱ्यापासूनच्या अंतराने भागा आणि या दोन सेंटिमीटरने गुणा. बस.

सूर्य अवाढव्य आहे, पण त्याच्या रुंदीच्या शंभरपट लांबही आहे. त्यामुळे उन्हात सावलीची कड जेमतेम ०.२ मिलिमीटरची असते. एकीकडे लखलखीत गाल, दुसरीकडे काळी रेघ. सहा सेंटिमीटरचा एलईडी दिवा एक मीटरवर धरला तर कड १.२ मिलिमीटरची. उन्हापेक्षा बरी, तरी कडकच. आता चार फूट रुंद खिडकीपासून चार फुटांवर बसा, बाहेर ऊन नाही, नुसतं आभाळ आहे. भागाकार येतो एक, म्हणजे कड झाली दोन सेंटिमीटरची. नाकाएवढी सावली आणि तिला नाकाएवढीच कड! अशा सावलीला कड उरतच नाही. गाल उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू वळतो, आणि चेहऱ्याला गोलाई येते ती त्या वळण्यामुळेच.

म्हणजे सावली कडक पडेल की मऊ, हे दिव्याच्या वॉटवर ठरत नाही, किमतीवर तर नाहीच. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर तो उजेड किती मोठा दिसतो, यावर ठरतं. त्याच खिडकीपासून बारा फुटांवर जाऊन बसलात तर खिडकी लहान दिसू लागते आणि सावलीची कड तिपटीने आवळते.

माझी भाची डोंबिवलीला राहते. नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर होणार होती, म्हणून तिने टेबल लावलं ते नेमकं खिडकीकडे पाठ करून, आणि डोक्यावरची ट्यूबलाइट चालू ठेवली. कॅमेऱ्यात खिडकी पांढरीफटक, चेहरा काळवंडलेला आणि डोळ्यांच्या खोबणीत दोन खड्डे. कॅमेरा अख्ख्या चौकटीचा उजेड बघून सरासरी काढतो. मागे खिडकी असली की त्याला वाटतं उजेड भरपूर आहे, मग तो सगळंच चित्र गडद करतो. डोळ्यांखालचे खड्डे मात्र ट्यूबलाइटचे. वरून सरळ खाली येणाऱ्या उजेडाला भुवया आडव्या येतात.

टेबल कुठे सरकवायचं ते ठरवायला मी तिला मूठ पुढे धरून खिडकीसमोर गोल फिरायला सांगितलं. बोटांची पेरं म्हणजे नाक आणि गालफडंच समजायची. एका जागी सगळी पेरं सपाट दिसतात, एका जागी अर्धी काळी पडतात, आणि मधे एक जागा अशी येते की प्रत्येक पेर उठून दिसतं पण सावली बोचत नाही. ही जागा बहुतेक वेळा खिडकी चेहऱ्याच्या समोर थोडी तिरकी, साधारण ४५ अंशांवर असताना मिळते. आमचं टेबल खिडकीपासून चार फुटांवर आलं. ट्यूब बंद केली.

उत्तरेच्या खिडकीचा उजेड छायाचित्रकारांना पूर्वीपासून आवडतो, कारण तिथून ऊन आत येत नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो. पण हा नियम युरोपातून आलेला आहे आणि आपल्याकडे तो बारा महिने चालत नाही. मुंबई १९ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. शिवाय मार्चच्या अखेरपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतो तेही पूर्व-पश्चिमेच्या जरा उत्तरेला. तेव्हा दिशेवर विसंबू नका, जमिनीवर उन्हाचा तुकडा पडलाय का ते बघा. पडला असेल तर खिडकीवर पांढरं सुती कापड ताणून लावा. जुनं धोतर असेल तर झकास. ऊन कापडावर पडतं, कापड उजळतं आणि तेच मोठी मऊ खिडकी होऊन बसतं. खिडकीला बाहेरून ग्रिल असेल आणि तिथे हिरवी साडी वाळत असेल तर ती आधी काढा, नाहीतर गालावर हिरवट झाक येते आणि कारण सापडत नाही.

एवढं केल्यावर भाचीचा डावा गाल छान उजळला, उजवा मात्र अंधारात गेला. फोनमधल्या उजेड लक्समध्ये मोजणाऱ्या ॲपवर डावीकडे साधारण ६०० आणि उजवीकडे ७५ दिसत होते. असली ॲप्स अचूक नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात. आठास एक हे प्रमाण आपल्या डोळ्यांना खपतं, स्वस्त कॅमेऱ्याला नाही. तो अंधाऱ्या बाजूला नुसते काळपट ठिपके भरतो. तिथे थोडासा उजेड हवा होता, आणि हाताशी होता टेबललॅम्प, त्यात नऊ वॉटचा एलईडी.

तिने तो उजव्या गालावर रोखला. लगेच नाकाला दुसरी सावली फुटली, डावीकडे जाणारी. निसर्गात आपल्याला एकच सूर्य दिसतो, म्हणून एका नाकाच्या दोन सावल्या दिसल्या की कारण न कळताही काहीतरी खोटं वाटतं. गालफडावर एक पांढरा ठिपकाही चमकायला लागला. त्वचेवर पडलेल्या उजेडातला तीन-चार टक्के भाग आत न शिरता वरूनच परततो, आणि घाम किंवा तेल असेल तर तो आरशासारखा परततो. दिवा लहान असला की हा सगळा परतावा एका ठिपक्यात गोळा होतो. खिडकीचा तोच परतावा गालभर पसरतो. सावळ्या त्वचेत हा ठिपका जास्त खुपतो, कारण आजूबाजूचा रंग गडद असतो. पावडर थापून तो झाकण्यापेक्षा उजेड मोठा करणं केव्हाही बरं.

मी लॅम्पची मान वळवून तो उजवीकडच्या भिंतीवर सोडला.

"मामा, मुलाखत भिंतीची आहे का?"

पण आता तिच्या चेहऱ्याला दिवा दिसतच नव्हता, दिसत होता तो भिंतीवरचा मीटरभर रुंदीचा उजळ पट्टा. तो दीड मीटरवर असेल तर आपल्या गणितात सावलीची कड तेरा मिलिमीटर येते, म्हणजे दिव्याच्या दहापट मऊ. सावली अशी की शोधूनही सापडू नये. भिंत उजेडाचा काही भाग खाते आणि उरलेला चहूकडे उधळते, त्यामुळे गालापर्यंत पोचले जेमतेम ९० लक्स. आधीच्या ७५ मध्ये ते मिळवले की १६५. सहाशेला एकशे पासष्ट, म्हणजे साडेतीनास एक. डावा गाल अजूनही उजळ, उजवा सावलीत, पण उजव्या बाजूचा कान आणि केस आता दिसू लागले. दिवा आणखी जवळ आणून दोन्ही गाल सारखे करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मग चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोसारखा सपाट होतो.

ही युक्ती आपल्या देशात फार मोठ्या कामासाठी वापरली गेली आहे. १९५६ च्या 'अपराजितो' या चित्रपटासाठी बनारसमधल्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. छायालेखक सुब्रत मित्रांनी त्या सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिवे माणसांवर न सोडता त्या कापडावर सोडले. अंगणात वरून उतरतो तसा सावल्या न पाडणारा उजेड त्यांना स्टुडिओत मिळाला.

आता रंगाकडे येऊ, कारण बहुतेकांचं घोडं इथे अडतं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. ढगाळ आभाळाचा उजेड ६५०० केल्विनच्या आसपास असतो, आणि पिवळसर 'वॉर्म' दिवा २७०० ते ३००० चा. आपले डोळे दोन्हींना पांढरंच समजून घेतात. कॅमेरा एका वेळी एकाच रंगाला पांढरं मानू शकतो. खिडकीला पांढरं मानलं तर उजवा गाल नारिंगी, दिव्याला मानलं तर डावा गाल निळा. हे नंतर ॲपमध्ये सुधारत नाही, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. म्हणून दिवसा खिडकीच्या जोडीला खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेला दिवाच घ्यावा. आणि भिंत? भाचीच्या घरची पिस्ता रंगाची होती. पिस्ता भिंतीवरून उजेडही पिस्ताच परततो आणि माणूस आजारी दिसतं. आम्ही भिंतीला थर्मोकोलची मोठी शीट टेकवून ठेवली. पांढरी चादर असती तरी चाललं असतं.

तरीही स्वस्त दिव्याखाली त्वचा जरा मेलेली दिसते, त्याला कारण दिव्याच्या पोटात आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर निळ्याचा पिवळा करणाऱ्या फॉस्फरचा थर देतात, आणि निळा नि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. या मिश्रणात गडद लाल फार कमी. त्वचेचा जिवंतपणा तर त्या लालीतच असतो: रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-पिवळा उजेड शोषतं आणि ६०० नॅनोमीटरच्या पुढचा लाल बराचसा परत पाठवतं. दिव्यातच लाल नसेल तर परत काय पाठवणार? दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा खोक्यावरचा 'सीआरआय ८०' हा आकडा इथे फारसा उपयोगी नाही, कारण तो आठ फिकट रंगांची सरासरी आहे. गडद लाल, म्हणजे नववा नमुना, त्यात धरलेलाच नसतो. ऐंशी गुणांच्या दिव्याला त्या लालात शून्याच्या जवळपास गुण असू शकतात. नव्वदच्या वरचा दिवा थोडा महाग पडतो, पण त्यात लाल सहसा बरा असतो. दुकानात पारखायचं तर तळहात आधी दाराच्या उजेडात धरा, मग दिव्याखाली. गुलाबी तळहात राखाडी किंवा हिरवट झाला तर तो दिवा जिन्यात लावायला ठीक.

व्हिडिओत आणखी एक भानगड होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचा दिवा सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतो. डोळ्याला ते कळत नाही, पण पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. फोनच्या स्लो-मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करून बघा, लुकलुकताना दिसला तर दिवा बदला. बदलणं शक्य नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० च्या जागी ५० हर्ट्झ निवडा.

सगळं जमलं की नाही हे डोळ्यांत पाहून कळतं. फोटो मोठा करून बुबुळ बघा. तिथे खिडकीचा एक चौकोन दिसायला हवा. शेजारी टोकदार ठिपका दिसला तर दिवा कुठूनतरी थेट पोचतोय. चौकोन बुबुळाच्या वरच्या अर्ध्या भागात असावा. तो खाली असेल तर खुर्ची फार उंच झाली आहे.

ही मांडणी खिडकीच्या जोरावर उभी आहे, आणि संध्याकाळी खिडकी साथ सोडते. साडेसहाच्या सुमारास तिचे ६०० लक्स ५० वर येतात, वर रंगही निळा होत जातो, आणि भिंतीवरचा दिवा नकळत मुख्य उजेड होऊन बसतो. तेव्हा पडदा सरळ ओढून घ्या. लॅम्प खिडकीच्या बाजूला नेऊन तिथल्या पांढऱ्या पडद्यावर सोडा, शक्य तितका चेहऱ्याजवळ. थर्मोकोल उजव्या गालाशी, चौकटीत दिसणार नाही इतपत जवळ धरा. आता रंग एकाच दिव्याचा असल्यामुळे पिवळा दिवासुद्धा चालतो, फक्त कॅमेऱ्याला पांढरा कागद दाखवून रंग जुळवून घ्यावा लागतो.