9:3:3:1 प्रत्येक द्विसंकराला लागू नाही

"द्विसंकर म्हटला की दुसऱ्या पिढीत 9:3:3:1च येणार ना?"

नाही. द्विसंकर म्हणजे दोन गुणांचा एकत्र पाहिलेला संकर. त्यातल्या दोन जनुकांच्या जोड्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे वेगळ्या होत असतील, तरच 3:1 गुणिले 3:1 हा हिशेब जुळतो.

बेटसन आणि पनेट यांनी स्वीट पीमध्ये जांभळी फुले-लांब परागकण आणि लाल फुले-गोल परागकण असा संकर केला. दुसऱ्या पिढीतल्या 381 झाडांत लाल-गोल सुमारे 24 हवी होती, मिळाली 55. जांभळी-गोल आणि लाल-लांब मात्र प्रत्येकी 71 ऐवजी फक्त 21.

मूळ पालकांमधल्या गुणांच्या जोड्या जास्त आणि नव्या जोड्या कमी, हीच सहलग्नतेची, म्हणजे जनुके एकाच गुणसूत्रावर जवळ असल्याची, खूण. गणितात आकडे दिले असतील तर आधी तीच शोधा. एकाच गुणसूत्रावर पण खूप दूर असलेली जनुके मात्र 9:3:3:1 दाखवू शकतात.