रिज आणि लासो रिग्रेशन: परस्परसंबंधित चल आणि दंडाची निवड

रिज आणि लासो या रेषीय रिग्रेशनच्या दोन सुधारित पद्धती आहेत. साध्या लघुतम वर्ग पद्धतीत प्रत्यक्ष आणि अंदाजित किमतींतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज शक्य तितकी कमी केली जाते. या दोन पद्धतींत त्या बेरजेत आणखी एक पद मिळवतात, आणि सहगुणक जितके मोठे तितके ते पद मोठे होते. याला दंड म्हणतात. रिजमध्ये दंड सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेवर असतो, लासोमध्ये त्यांच्या केवलमूल्यांच्या बेरजेवर. दंड किती कडक ठेवायचा हे λ ही संख्या ठरवते आणि ती बहुधा क्रॉस-व्हॅलिडेशनने, म्हणजे विदेचा एकेक भाग बाजूला ठेवून त्यावर चूक मोजून, निवडली जाते. स्थिरपदावर दंड लावत नाहीत.

रिज पद्धत आर्थर होर्ल आणि रॉबर्ट केनार्ड यांनी १९७० मध्ये मांडली. समीकरणे सोडवण्याच्या संदर्भात आंद्रेई तिखोनोव यांनी तीच कल्पना आधी वापरली होती. लासो १९९६ मध्ये रॉबर्ट टिबशिरानी यांच्या लेखातून रूढ झाली.

अडचण कुठे येते

पेट्रोलचा ऑक्टेन अंक इंजिनवर मोजणे वेळखाऊ आणि खर्चिक असते. त्याऐवजी नमुन्यातून निकट-अवरक्त प्रकाश सोडून त्याच्या शोषणावरून अंक काढता येतो. R मधल्या `pls` पॅकेजात असा एक प्रसिद्ध विदासंच आहे: पेट्रोलचे ६० नमुने, आणि प्रत्येक नमुन्यासाठी ९०० ते १७०० नॅनोमीटरपर्यंत दर २ नॅनोमीटरला एक, अशी ४०१ मापने. नमुने ६० आणि चल ४०१, म्हणजे साध्या रिग्रेशनला एकच एक उत्तर मिळूच शकत नाही. त्यात शेजारच्या तरंगलांब्यांवरची मापने जवळपास सारखीच असतात. १२०० नॅनोमीटरच्या आसपास कार्बन-हायड्रोजन बंधाच्या कंपनामुळे जो उंचवटा दिसतो, त्यात डझनावारी स्तंभ एकत्रच वरखाली होतात.

एवढ्या चलांत काय बिघडते हे दोनच चलांत स्पष्ट दिसते. ज्याचा अंदाज करायचा त्या राशीला y म्हणू. समजा दोन्ही चल आणि y प्रमाणित केले आहेत, म्हणजे त्यांचे मध्य ० आणि विचरण १ आहे. चलांचा आपसातला सहसंबंध ०.९९ आहे, y शी पहिल्याचा सहसंबंध ०.७० आणि दुसऱ्याचा ०.६८. लघुतम वर्ग पद्धत पहिल्याला १.३५ आणि दुसऱ्याला −०.६५ असे सहगुणक देते. दोन्ही चल y बरोबर वाढतात, तरीही एकाचे चिन्ह उणे आले. आता ०.७० आणि ०.६८ ऐवजी दोन्ही सहसंबंध ०.६९ धरा. लगेच दोन्ही सहगुणक ०.३५ होतात. ६० नमुन्यांत एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो, म्हणून १.३५ आणि −०.६५ या आकड्यांना वेगवेगळा अर्थ लावण्यात काही हशील नाही.

याचे कारण असे की विदा दोन सहगुणकांची बेरीज नीट ठरवतो, त्यांच्यातली वजाबाकी नाही. बेरीज दोन्ही वेळा १.३८ भागिले १.९९, म्हणजे ०.६९ च आहे. वजाबाकी मात्र पहिल्या वेळी ०.०२ भागिले १ − ०.९९, म्हणजे ०.०२ भागिले ०.०१ अशी येते, आणि त्या चिमुकल्या छेदामुळे मापनातला गोंगाट शंभरपट होतो.

दंड लावल्यावर

रिज या दोन्ही छेदांत λ मिळवते. λ = ०.१ घेतल्यास वजाबाकी ०.०२ भागिले ०.११, म्हणजे ०.१८ होते आणि बेरीज १.३८ भागिले २.०९, म्हणजे ०.६६. सहगुणक ०.४२ आणि ०.२४ येतात. ज्या दिशेबद्दल विदा ठामपणे सांगतो तिथला अंदाज ९५ टक्के टिकला, आणि जिच्याबद्दल तो जवळपास गप्प आहे तिथला फक्त ९ टक्के उरला. रिजचे सगळे मर्म या असमान आकुंचनात आहे. सहगुणक थोडे पूर्वग्रहित होतात, पण त्यांचे विचरण त्याहून कितीतरी जास्त घटते. रिज कोणताही सहगुणक नेमका शून्य करत नाही. सारख्या चलांत ती भार वाटून देते.

लासो याच आकड्यांवर वेगळी वागते. λ = ०.१ ला पहिला सहगुणक ०.७० − ०.१ = ०.६० येतो आणि दुसरा नेमका शून्य. पडताळून पाहता येते: पहिल्या चलाचा वाटा काढल्यावर दुसऱ्याचा y शी उरलेला संबंध ०.६८ − ०.९९ × ०.६० = ०.०८६ आहे. तो ०.१ पेक्षा कमी, म्हणून दुसऱ्या चलाला आत येण्याइतके बळ नाही. λ जर ०.७० किंवा त्याहून मोठा घेतला तर दोन्ही सहगुणक शून्य होतात. शोधाची वरची मर्यादा म्हणून हीच किंमत घेतात.

आता ०.७० आणि ०.६८ यांची अदलाबदल करा. रिजमध्ये ०.४२ आणि ०.२४ जागा बदलतात, बाकी फारसे काही होत नाही. लासोमध्ये पहिला चल पूर्ण बाद होतो आणि दुसरा ०.६० घेऊन बसतो. दोन्ही प्रतिमानांचा अंदाज जवळपास सारखाच राहतो, पण ‘कोणता चल महत्त्वाचा’ या प्रश्नाचे उत्तर उलटे होते. त्यामुळे पेट्रोलच्या उदाहरणात लासोने निवडलेली तरंगलांबी हा रासायनिक शोध समजू नये. शेजारची तरंगलांबीही तितकीच लायक असते. शिवाय चल नमुन्यांपेक्षा जास्त असतील तर लासो सर्वसाधारणपणे नमुन्यांच्या संख्येहून जास्त चल निवडू शकत नाही. या दोन त्रुटींवर उपाय म्हणून हुई झाऊ आणि ट्रेव्हर हेस्टी यांनी २००५ मध्ये दोन्ही दंड एकत्र करणारी इलॅस्टिक नेट पद्धत मांडली. तिच्यात सारखे चल बहुतांशी गटाने आत येतात.

एकक आणि प्रमाणीकरण

दंड सहगुणकाच्या आकारावर असल्याने चलाचे एकक बदलले की उत्तर बदलते. मीटरचे मिलिमीटर केले तर सहगुणक हजारपट लहान होतो आणि दंडातून जवळपास सुटतो. म्हणून सहसा प्रत्येक चल त्याच्या प्रमाण विचलनाने भागून घेतात. R मधले `glmnet` पॅकेज हे आपोआप करते आणि सहगुणक मूळ एककांत परत देते. Python मधल्या Scikit-learn मध्ये ते स्वतः करावे लागते. वर्णपटांच्या बाबतीत मात्र दोनदा विचार करावा. सगळी मापने एकाच एककात असतात, आणि जिथे शोषण जवळजवळ नाहीच तिथला स्तंभ प्रमाणित केला की त्यातला गोंगाट उंचवट्याच्या बरोबरीला येतो. अशा वेळी फक्त मध्य वजा करून `standardize = FALSE` ठेवणे आणि दोन्ही पर्याय पडताळणे चांगले.

λ ची निवड

दहा भागांच्या क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये ६० नमुने प्रत्येकी ६ च्या दहा गटांत यदृच्छया वाटतात. एक गट बाजूला ठेवून उरलेल्या ५४ नमुन्यांवर λ च्या प्रत्येक किमतीसाठी प्रतिमान बसवतात आणि त्या ६ नमुन्यांवरची चूक मोजतात. असे दहा वेळा केल्यावर प्रत्येक λ ला सरासरी चूक आणि तिची प्रमाण त्रुटी मिळते. λ च्या किमती समान अंतराने न घेता समान गुणोत्तराने घेतात. लासोसाठी `glmnet` सगळे सहगुणक शून्य करणाऱ्या सर्वांत लहान λ पासून सुरुवात करून, चल नमुन्यांहून जास्त असतील तर त्याच्या शंभराव्या हिश्शापर्यंत, १०० पायऱ्या उतरते.

```r
library(glmnet)
data(gasoline, package = "pls")
X <- unclass(gasoline$NIR)
y <- gasoline$octane
set.seed(7)
fold <- sample(rep(1:10, length.out = 60))
lasso <- cv.glmnet(X, y, alpha = 1, foldid = fold)
ridge <- cv.glmnet(X, y, alpha = 0, foldid = fold,
                   lambda = 10^seq(3, -4, length.out = 100))
plot(lasso); plot(ridge)
coef(lasso, s = "lambda.1se")
```

`foldid` दोन्हीकडे एकच दिला आहे. तसे केले नाही तर रिज आणि लासोच्या चुकांतला फरक पद्धतीमुळे आला की वाटणीमुळे, हे कळत नाही.

रिजला λ ची यादी हाताने देण्यामागे कारण आहे. रिजमध्ये सहगुणक कधीच शून्य होत नसल्याने वरची मर्यादा आपोआप सापडत नाही, म्हणून `glmnet` लासोच्या मर्यादेच्या हजारपटीपासून सुरुवात करते. चल नमुन्यांहून जास्त असतील तर यादी तिथून शंभरपटच खाली जाते, म्हणजे शेवटचा λ सुद्धा लासोच्या मर्यादेच्या दहापट असतो. वर्णपटासारख्या विदेत हा दंड अनेकदा फार कडक ठरतो, आणि मग रिज उगाचच कमकुवत वाटते. ही गडबड आलेखात ओळखू येते: चूक दाखवणारी वक्ररेषा तळ गाठून पुन्हा वर चढायला हवी. नीचांक यादीच्या टोकाशीच असेल तर यादी त्या बाजूला वाढवून पुन्हा चालवावी.

`lambda.min` म्हणजे किमान सरासरी चूक देणारा λ. `lambda.1se` म्हणजे ज्याची चूक त्या किमान चुकीपेक्षा एका प्रमाण त्रुटीहून जास्त नाही, असा सर्वांत मोठा λ. वक्ररेषेचा तळ बहुधा पसरट असतो, त्यामुळे दुसरा पर्याय थोड्याशा चुकीच्या बदल्यात बरेच साधे प्रतिमान देतो. फक्त अंदाजाची अचूकता हवी असेल तर पहिला घ्यावा. चलांची यादी छोटी हवी असेल तर दुसरा, कारण अंदाजासाठी उत्तम ठरणारा λ लासोमध्ये अनेकदा गरजेपेक्षा जास्त चल आत घेतो. ६० नमुन्यांवर वाटणी बदलली की निवडलेला λ ही बदलतो. म्हणून वीस-पंचवीस वेगळ्या वाटण्या करून चूक दाखवणाऱ्या वक्ररेषांची सरासरी काढावी, आणि कोणत्या तरंगलांब्या किती वेळा निवडल्या जातात हेही नोंदवावे.

फसगत कशी होते

सर्वांत घातक चूक म्हणजे y शी चांगला सहसंबंध असलेले चल आधी संपूर्ण विदेतून निवडायचे आणि मग त्यांच्यावरच क्रॉस-व्हॅलिडेशन करायचे. बाजूला ठेवलेल्या ६ नमुन्यांची उत्तरे तेव्हा निवडीत आधीच वापरलेली असतात. शुद्ध यदृच्छ आकड्यांवर असे केले तरी चूक छान कमी दिसते. तपासायचे असेल तर y चे आकडे पिसून सगळी प्रक्रिया पुन्हा चालवावी. तरीही अंदाज चांगला आला तर कुठेतरी गळती आहे. जी पायरी y बघते ती प्रत्येक गटात नव्याने, उरलेल्या ५४ नमुन्यांवरच व्हायला हवी.

दुसरी चूक प्रयोगशाळेत सहज घडते. एकाच नमुन्याचे तीन वर्णपट घेतले आणि ते वेगवेगळ्या गटांत पडले, तर प्रतिमानाने चाचणीचा नमुना आधीच पाहिलेला असतो आणि λ गरजेपेक्षा लहान निवडला जातो. अशा वेळी पूर्ण नमुनाच एका गटात ठेवावा.

निवडलेल्या λ ची चूक हाच प्रतिमानाच्या अचूकतेचा आकडा म्हणून सांगणेही बरोबर नाही, कारण शंभर किमतींतून सर्वांत लहान चूक उचललेली असते. त्यासाठी बाहेर आणखी एक फेरा लावतात: बाहेरच्या प्रत्येक गटासाठी λ ची निवड आतल्या नमुन्यांवर नव्याने होते आणि चूक फक्त बाहेरच्या गटावर मोजली जाते. लासोने निवडलेल्या चलांवर साधे रिग्रेशन चालवून त्याची p-मूल्ये देणे याच कारणाने चुकीचे ठरते.

एकाच यंत्रावर मोजलेल्या नमुन्यांची यदृच्छ वाटणी करून मिळालेली चूक त्याच यंत्रापुरती खरी असते. प्रतिमान दुसऱ्या वर्णपटमापकावर किंवा दुसऱ्या कारखान्याच्या पेट्रोलवर वापरायचे असेल, तर गट यंत्रानुसार किंवा कारखान्यानुसार पाडावेत. तशा वाटणीत चूक बहुधा मोठी येते, आणि अनेकदा λ ही मोठा निवडला जातो.